सोमवारपासून माझा डबा बंद, आणि उरलेल्या पैशांबद्दल

नमस्कार काकू, मी प्राजक्ता, कर्वेनगरची, दुसऱ्या मजल्यावरची. संध्याकाळी तुमची डबे भरायची घाई असते म्हणून फोन न करता लिहिते आहे. सवडीनं वाचा.

येत्या सोमवारपासून, म्हणजे १६ मार्चपासून, माझे दोन्ही वेळचे डबे बंद करायचे आहेत. शेवटचा डबा रविवारी १५ तारखेला दुपारचा. पाडव्याच्या श्रीखंड-पुरीच्या डब्यांची यादी तुम्ही आधीच करता, त्यातही माझं नाव धरू नका.

कारण जेवणाचं नाही, हे आधी सांगते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यातच करायचं ठरलंय. आई-बाबा शनिवारी साताऱ्याहून येतायत आणि निदान तीन-चार महिने इथेच राहतील. बाबांना शुगर आहे, त्यांचं पथ्याचं वेगळं करावं लागणार, त्यामुळे घरीच स्वयंपाक सुरू करतोय. समोरचा एक खोलीचा फ्लॅट भाड्यानं मिळाला, मी तिकडे जाते आहे. सायली इथेच आहे आणि तिचा डबा नेहमीसारखा चालूच ठेवायचा आहे. दोघींचे डबे एकाच पिशवीत येतात म्हणून मुद्दाम सांगते, नाहीतर चुकून तिचाही बंद व्हायचा.

आता हिशोब. १ तारखेला मी तुम्हाला ६० डब्यांचे ४,२०० रुपये जीपेनं पाठवले होते. रविवारी १५ तारखेपर्यंतचे धरून माझे २४ डबे होतात. त्यात माझी मैत्रीण आली होती त्या रात्रीचा जास्तीचा डबा धरलाय. ६ तारखेच्या रात्रीपासून ८ च्या दुपारपर्यंत मी गावी होते, ते चार डबे आदल्या दिवशी कळवून बंद ठेवले होते, म्हणून ते धरले नाहीत. रविवारी रात्री तुमची सुट्टीच असते.

७० चा दर पूर्ण ६० डबे घेणाऱ्यांसाठी आहे आणि सुटा डबा ८० ला, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी मध्येच थांबते आहे, तेव्हा झालेले डबे ८० नंच धरायला हवेत. तुमचं नुकसान करून मला ७० चा दर नको. २४ डब्यांचे १,९२० झाले, म्हणजे ४,२०० मधले २,२८० उरतात. जास्तीच्या १० पोळ्यांचे ८० रुपये माझ्याकडून राहिलेत, ते वजा केले की २,२००. शिवाय स्टीलच्या दोन डब्यांचं डिपॉझिट ३०० आहे. एकूण २,५०० रुपये परत यायचे आहेत. तुमच्या वहीत काही वेगळं दिसलं तर तारीख सांगा, लगेच ताळा करू. डबा आला की मी कॅलेंडरवर खूण करते, त्याचा फोटो पाठवते.

दोन्ही डबे घासून रविवारी संध्याकाळी दादांकडे देते. सोमवारी ते नेहमीच्या वेळी सायलीचा डबा द्यायला येतील, तेव्हा न्यायचे असतील तर तसं कळवा, वॉचमनकाकांकडे ठेवते.

पैसे ज्या नंबरवरून आले होते त्याच नंबरवर परत पाठवा. सोमवारपर्यंत मिळाले तर बरं होईल, कारण शेगडी आणि सिलिंडरचा खर्च त्याच आठवड्यात आहे. एकदम जमत नसेल तर निम्मे आता आणि निम्मे महिनाअखेरीला दिले तरी चालेल, फक्त तारीख कळवा. एवढंच करा की ही रक्कम सायलीच्या पुढच्या महिन्यात वळती करू नका. आमचे हिशोब वेगळे आहेत आणि मग दोघींमध्ये देणं-घेणं होऊन बसतं.

काकू, पुण्यात आल्यापासून मी तुमच्याच हातचं जेवते आहे. जानेवारीत ताप आला होता तेव्हा न सांगता तुम्ही मऊ भात आणि मेतकूट पाठवलंत, सोबत लिंबाचं लोणचं वेगळ्या डबीत. ते आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आता मला काळजी नाही. बुधवारचं पिठलं-भाकरी तर ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या टीममधली एक मुलगी डबा शोधते आहे, ती वारज्याला राहते. तिकडे तुमची गाडी जाते का? जात असेल तर तुमचा नंबर देते.

हिशोब बघून झाला की एक मेसेज टाका. आई आली की तिला तुमच्याकडे भेटायला घेऊन येते.

प्राजक्ता