घटना अहवाल: हरवलेले मूल (सापडले)

सायं. ६.१२ – दुसऱ्या मजल्यावरून ५ वर्षांचा मुलगा दिसेनासा झाल्याची आईची तक्रार. पिवळा टी-शर्ट, निळी चड्डी.

६.१४ – चारही गेट व पार्किंग रॅम्पवर वॉकीटॉकीने वर्णन कळवले. लहान मुलासह बाहेर पडणाऱ्यांची तपासणी सुरू. स्वच्छतागृहे, जिने, ट्रायल रूम पाहिल्या.

६.१६ – घोषणा. नाव मुद्दाम टाळले. नाव कळले की अनोळखी माणूसही मुलाचा विश्वास मिळवू शकतो. फूड कोर्टमध्ये संगीतामुळे ऐकू गेली नाही, म्हणून ६.२० ला संगीत बंद करून पुन्हा. हे आधीच व्हायला हवे होते.

६.२३ – सीसीटीव्हीत मूल ६.०९ ला एकटे लिफ्टमध्ये शिरताना दिसले.

६.२६ – तळघरातील लिफ्टशेजारी महिला गार्डला सापडले. घाबरलेले, इजा नाही.

६.३४ – आईचे ओळखपत्र व फोनमधील फोटो पडताळून, सही घेऊन ताबा दिला. मूल धावतच तिला बिलगले. गेटवरील तपासणी थांबवली.