कोणती चाचणी कधी: रविवारच्या चर्चेतून निघालेला निर्णयक्रम

सर्वांना नमस्कार.

रविवारी गंगापूर रोडवरील आपल्या बैठकीत वेळ अपुरा पडला, आणि निघताना जिन्यात उभे राहूनही ‘टी-चाचणी की मान-व्हिटनी’ हा वाद मिटला नव्हता. म्हणून प्रयोगाच्या आकड्यांवर कोणती संख्याशास्त्रीय चाचणी करायची, या निर्णयाचा क्रम एकदा सलग लिहून पाठवत आहे. माझ्या मते आपला घोळ होतो तो चाचणीच्या नावापासून सुरुवात केल्यामुळे. सुरुवात व्हायला हवी ती ‘आपण नेमके काय मोजले आणि कशावर मोजले’ या प्रश्नापासून.

पहिला प्रश्न मोजमापाचा आहे. द्राक्षमण्यांच्या रसाचा ब्रिक्स हा संख्यात्मक आहे, तर वेलीवर भुरी आहे की नाही ही केवळ वर्गवारी आहे, आणि इथेच वाट दुभंगते.

संख्यात्मक मोजमाप असेल तर गट किती आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे पाहावे. आपल्या उदाहरणात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ६ वेलींवर फवारणी झाली, दुसऱ्या ६ वेली तशाच ठेवल्या आणि प्रत्येक वेलीवरील १० घडांचा ब्रिक्स घेतला. एक्सेलमध्ये १२० ओळी दिसत असल्या तरी प्रत्येक गटाचा नमुना ६० चा नव्हे, ६ चाच आहे. कारण फवारणी वेलीवर झाली, घडावर नाही, आणि एकाच वेलीचे घड एकमेकांसारखे असतात. म्हणून आधी प्रत्येक वेलीची सरासरी काढावी आणि मगच चाचणीकडे वळावे. ही चूक राहिली तर पुढे कितीही योग्य चाचणी निवडली तरी पी-मूल्य फसवे निघते, म्हणून मी हा मुद्दा सर्वांत वर ठेवतो.

गट दोन आणि स्वतंत्र असतील तर वेल्चची टी-चाचणी करावी. दोन्ही गटांचे प्रसरण समान आहे असे ती गृहीत धरत नाही, आणि R मध्येही न सांगता तीच चालते. त्याच वेलींचे फवारणीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे असतील तर जोडीची टी-चाचणी लागते. तिथे प्रसामान्यता पाहायची ती जोडीतील फरकांची, मूळ आकड्यांची नव्हे.

```r
t.test(brix ~ favarni, data = veli)
t.test(nantar, purvi, paired = TRUE)
```

प्रसामान्यतेसाठी थेट शापिरो-विल्कवर विसंबू नये, असे माझे मत आहे. नमुना लहान असला की तिला दोष दिसत नाही आणि मोठा असला की क्षुल्लक दोषही खटकतो. त्यापेक्षा क्यू-क्यू आलेख डोळ्यांनी पाहावा. नमुना लहान असून वितरण फारच कललेले असेल, किंवा मोजमाप क्रमवारीचे असेल, तर स्वतंत्र गटांसाठी मान-व्हिटनी आणि जोडीसाठी विल्कॉक्सनची चिन्हांकित-क्रम चाचणी वापरावी. मात्र मान-व्हिटनी म्हणजे मध्यकांची तुलना, असे सरसकट लिहू नका. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच तो अर्थ निघतो.

तीन किंवा अधिक स्वतंत्र गटांसाठी अ‍ॅनोव्हा आहे. तीन जोड्यांवर प्रत्येकी ५ टक्के पातळीने वेगवेगळ्या टी-चाचण्या केल्या, तर त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास किमान एक खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. अ‍ॅनोव्हात फरक दिसल्यावर तो कोणत्या गटांत आहे हे टुकीच्या तुलनेने शोधावे. क्रमांवर आधारित पर्याय क्रुस्कल-वॉलिस आणि त्याच एककांची पुनःपुन्हा मोजणी असेल तर फ्रीडमन.

वर्गवारीच्या वाटेवर काय-वर्ग चाचणी येते. तिला प्रत्यक्ष संख्या द्याव्यात, टक्केवारी नव्हे. समजा, थॉमसनच्या २० पैकी ३ आणि शरदच्या २० पैकी ५ वेलींवर भुरी आढळली. भुरीच्या दोन्ही चौकटींतील अपेक्षित संख्या ८ × २० ÷ ४० म्हणजे ४ येते, आणि ती ५ पेक्षा कमी असल्याने फिशरची अचूक चाचणी घ्यावी. इथे पाहायची ती अपेक्षित संख्या, निरीक्षित नव्हे. रविवारी आपल्यापैकी निम्म्या जणांनी तक्त्यातला ५ पाहून काय-वर्ग निवडली होती. त्याच वेलींची आधी-नंतर स्थिती तपासायची असेल तर मॅकनेमार.

दोन संख्यात्मक चलांतील संबंध सरळ रेषेचा असेल तर पिअर्सन, एकाच दिशेने पण वळत जाणारा असेल तर स्पीअरमन.

सार्थकता पातळी आणि एकपुच्छ-द्विपुच्छ हा निर्णय आकडे पाहण्याआधीच वहीत लिहून ठेवावा. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपापल्या प्रकल्पाची फाईल आणावी आणि तिच्या पहिल्या ओळीत एककाचे नाव लिहून आणावे: वेल, घड की प्लॉट.