सांगलीचं लसणाचं भडंग: व्हिडिओचा आवाज

०:०० (मूठभर भडंग परातीत पडतं. २ सेकंद बोलायचं नाही, नुसता आवाज.)
हा खुळखुळाट ऐकलात? एवढाच जमवायचाय.

०:०७ (मोठ्या पातेल्यात चुरमुरे)
भडंगाचे चुरमुरे, पाव किलो. भेळेचे बारीक चुरमुरे नकोत, ते मसाल्यानं लगेच बसतात. गॅस अगदी मंद. पाच मिनिटं हलवत राहायचं, हात थांबवायचा नाही.

०:२१ (भरभर पुढे. ५ सेकंद शांत.)
एक चुरमुरा बोटात दाबा. चुरा झाला पाहिजे. नुसता चेपला, तर अजून मिनिटभर. झाले की पातेलं खाली उतरवा.

०:३५ (कढईत तेल)
पाऊण वाटी तेल. माझी वाटी दीडशे मिलीची आहे. मध्यम आचेवर एक वाटी शेंगदाणे. तडतडू द्या…

०:४५ (४ सेकंद तडतड)
…सालं जरा फुटली, रंग बदलला, की झाऱ्यानं काढून थेट चुरमुऱ्यांवर.

०:५४ (त्याच तेलात)
एक चमचा मोहरी. आता लसूण: पंचवीस-तीस पाकळ्या, सालासकट ठेचलेल्या. सोलत बसू नका, कुरकुरीत झालेलं सालच तर आम्ही शोधून खातो! गॅस बारीक. चार मिनिटं.

१:०९ (लसूण जवळून. ६ सेकंद गप्प.)
बघा, आधी बुडबुडे जोरात येतात, म्हणजे पाणी आहे. ते मंदावले आणि कडा बदामी झाल्या, की लसूण वाळला. ओला राहिला तर उद्या सगळा डबा मऊ.

१:२७ (कढीपत्ता पडतो)
दोन काड्या कढीपत्ता, फडक्यानं कोरडा पुसलेला. लांब उभे राहा. आणि गॅस बंद.

१:३५ (कढई ओट्यावर. हात लावायचा नाही.)
आता थांबायचं, एक मिनिट. मी पहिल्यांदा थांबले नव्हते. मसाला करपला आणि अख्खं घर खोकत अंगणात!

१:४७ (चमचे एकेक करून)
अर्धा चमचा हळद. सांगलीत राहून हळद कमी घालते म्हणून हसू नका, जास्त झाली की कडवट लागते. कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे. ढवळा.

२:०० (फोडणी चुरमुऱ्यांवर)
ओता. दोन उलथनी घ्या, तळातून वर. मीठ एक चहाचा चमचा, मसाल्यातही असतंच. पिठीसाखर दोन. अख्खी साखर तळाशी जाऊन बसते, म्हणून पिठी.

२:१४ (पातेलं परत गॅसवर)
मंद आचेवर दोन मिनिटं, पांढरा चुरमुरा दिसेनासा होईपर्यंत.

२:२१ (परातीत पसरलेलं. ३ सेकंद शांत.)
अर्धा तास असंच उघडं. कोमट असताना डबा लावलात तर झाकणाला वाफ धरते. तोवर कांदा चिरा, चहा टाका.

२:३३ (शेजारून एक लहान हात मूठ भरून नेतो)
…डब्यात किती उरेल, ते मात्र मला विचारू नका.