विद्यार्थ्यांचे शोध आणि प्रबंध: मालकी, श्रेय व प्रसिद्धीचे नियम

संशोधन कक्ष, अभियांत्रिकी महाविद्यालय, नाशिक
शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पासून लागू. बी.ई., एम.ई. आणि पीएच.डी.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी.

१. मूळ तत्त्व
विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नाही. पेटंट कायदा, १९७० नुसार अर्जाचा पहिला हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला त्याचा असतो. म्हणून प्रवेश घेतला, आमची प्रयोगशाळा वापरली किंवा मार्गदर्शकांनी शिकवलं एवढ्यावर महाविद्यालय कोणाच्याही शोधावर हक्क सांगणार नाही. फी भरून मिळणाऱ्या सोयी या विद्यार्थ्याच्याच आहेत.

२. महाविद्यालयाचा हक्क कधी?
विद्यार्थी संशोधन प्रकल्पातून मानधन घेत असेल, किंवा त्याच्या कामासाठी महाविद्यालयाने वेगळा निधी मंजूर केला असेल, तरच. तसा करार काम सुरू होण्याआधी मराठीत समजावून सांगून करायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यायची. पेटंटचं उत्पन्न आलं तर आधी अर्जाचा खर्च वजा होईल. उरलेल्यातले ६० टक्के संशोधकांना, ४० टक्के महाविद्यालयाला.

सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कंपनीने प्रोजेक्ट दिला असेल तर कंपनीचा करार आधी संशोधन कक्षाकडे यावा. शोध कंपनीचा असेल हे मान्य होऊ शकतं; प्रबंध दाबून ठेवणं किंवा पदवी अडवणं मान्य होणार नाही. हक्क लिहून द्यायला नकार दिला म्हणून कोणाचे गुण कमी करता येणार नाहीत. त्या विद्यार्थ्याला दुसरा विषय मिळेल.

प्रबंधाच्या मजकुराचा कॉपीराइट नेहमी विद्यार्थ्याचा. महाविद्यालयाला फक्त ग्रंथालयात प्रत ठेवण्याची आणि शिकवण्यासाठी वापरण्याची परवानगी असेल.

३. पेटंट: आधी अर्ज, मग प्रदर्शन
सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, बी.ई.च्या तिघांनी कांदाचाळीत सड सुरू झाल्याचा वास ओळखणारा सेन्सर केला. फेब्रुवारीत प्रोजेक्ट स्पर्धेत पोस्टर लावलं, सर्किट मांडलं, व्हिडिओ टाकला. एप्रिलमध्ये पेटंटचा विचार आला, तर नावीन्य आधीच गेलेलं असतं. कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. प्रोजेक्ट स्पर्धेच्या भरवशावर राहू नका.

म्हणून पोस्टर, पेपर किंवा व्हिडिओच्या किमान ३० दिवस आधी दोन पानी माहिती कक्षाकडे द्यावी. कक्ष १५ दिवसांत उत्तर देईल. उत्तर आलं नाही तर विद्यार्थी मोकळा. गरज असेल तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करू. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, दाखल करावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. महाविद्यालयाच्या मालकीच्या शोधाचा खर्च महाविद्यालय करेल. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, हे विसरू नये.

सगळंच पेटंटयोग्य नसतं. द्राक्षाच्या छाटणीची नवी पद्धत निफाडच्या बागायतदाराला कितीही उपयोगी असो, शेतीच्या पद्धतीला कलम ३ (एच) नुसार पेटंट नाही. छाटणीच्या यंत्राला मिळू शकतं. नुसत्या प्रोग्रॅमलाही मिळत नाही, पण त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो.

४. नावं
संशोधक म्हणून नाव त्याचंच, ज्याने कल्पनेत भर घातली. निधी आणला, विभाग सांभाळला, भाग जोडून दिले याबद्दल आभार मानावेत. संशोधक म्हणून नाव घालू नये. चुकीच्या नावाने पेटंटच आव्हानात येऊ शकतं.

प्रबंधातून निघालेल्या पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं. मार्गदर्शकांचं नाव त्यांनी खरोखर काम केलं असेल आणि मसुदा वाचून मान्य केला असेल तरच. विभागप्रमुख म्हणून कोणाचंही नाव आपोआप लागणार नाही. ही सवय मोडायलाच हवी. पदवीनंतर एक वर्षात विद्यार्थ्याने पेपर लिहिला नाही तर मार्गदर्शक लिहू शकतात, मात्र विद्यार्थ्याचं नाव ठेवून आणि त्याला मसुदा पाठवून ३० दिवस वाट बघून.

प्रोजेक्ट डायरीत तारखेसह नोंद आणि आठवड्याला मार्गदर्शकांची सही हवी. वाद झाला की तीच आधी मागवली जाईल.

५. प्रबंध उशिरा प्रसिद्ध करणं
पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या सर्वांना खुल्या ऑनलाइन संग्रहात जातात, एम.ई.चे ग्रंथालयात उघडे राहतात. प्रोव्हिजनल अर्जात नसलेला भाग प्रबंधातून आधी बाहेर पडला तर पूर्ण विनिर्देशात तो नवा ठरणार नाही. अशा वेळी विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांच्या सहीने १२ महिने प्रसिद्धी थांबवता येईल, पीएच.डी.साठी विद्यापीठाची परवानगी घ्यावी. मुदतवाढ एकदाच, ६ महिन्यांची, तीही लेखी कारणासह. शीर्षक आणि सारांश या काळातही दिसतील, फक्त सारांशात पेटंटचा गाभा नसावा. तोंडी परीक्षा आणि निकाल वेळेवरच होतील. परीक्षक गोपनीयतेच्या कागदावर सही करतील. पेपर स्वीकारला जाण्याची वाट बघणं हे थांबवण्याचं कारण नाही.

६. तक्रार
तक्रार प्राचार्यांकडे लेखी द्यावी. वेगळ्या विभागातले दोन प्राध्यापक आणि एक संशोधक विद्यार्थी अशी समिती ४५ दिवसांत निर्णय देईल. तोपर्यंत त्या कामावर कोणीही अर्ज किंवा पेपर पाठवायचा नाही. पेटंटची मुदत संपत असेल तर समिती सर्वांची नावं घालून अर्ज दाखल करायला सांगेल आणि वादाचा निकाल लागल्यावर नावं दुरुस्त करून घेईल.