मामा, रिपोर्ट हातात पडण्याआधी हे वाचा

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामी फोनवर म्हणाली की तुम्ही जेवण झालं की मोबाइल घेऊन माडीवर जाता आणि बायोप्सीबद्दल काहीबाही वाचत बसता. म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्ट सोमवारी मिळणार आणि डॉक्टरांची वेळ बुधवारची. म्हणजे दोन दिवस तो इंग्रजी कागद घरात पडून राहणार आणि वाचेल तो आपापला अर्थ लावणार. त्यापेक्षा कुठल्या शब्दाचा अर्थ काय ते आधीच माहीत असू द्या.

पहिलं म्हणजे, रिपोर्टला वेळ लागतोय म्हणजे काहीतरी वाईट निघालंय असं धरून बसू नका. तुमच्या डाव्या गालातून काढलेला तो पांढरा चट्टा आधी फॉर्मालिनमध्ये राहतो. मग त्याचे पातळ काप करतात, ते मेणात बसवतात आणि त्या मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. ते काचेवर घेऊन रंगवले की मगच आमच्यासारखे पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपला डोळा लावतात. एखादी जागा नीट दिसली नाही तर त्याच ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप मागवतो. त्यात आणखी एक-दोन दिवस जातात. मी स्वतः असे काप रोज मागवते आणि त्यातल्या कितीतरींचं उत्तर शेवटी साधंच निघतं.

आता शब्द. ‘बिनाइन’ लिहिलं असेल तर कॅन्सर नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये कदाचित हा शब्द नसेलही. त्याजागी ‘हायपरकेराटोसिस, नो डिस्प्लेजिया’ असं असू शकेल. म्हणजे सततच्या चोळण्यानं कातडं जाड झालंय, पण पेशी शहाण्यासारख्या वागताहेत. शेजारी ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’ दिसलं तर ते जुनं दाहाचं लक्षण. तंबाखूचा बार जिथे ठेवता तिथे ते नसतं तरच नवल. आणि ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ वाचून दचकू नका. इथे निगेटिव्ह म्हणजे चांगली बातमी.

‘डिस्प्लेजिया’ मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीत तो येण्याची शक्यता मला खरोखर वाटते. हा कॅन्सर नव्हे. गालाच्या आतलं अस्तर पेशींच्या थरांचं असतं. नव्या पेशी तळाशी तयार होतात आणि वर सरकता सरकता चपट्या, शांत होतात. डिस्प्लेजियात ही शिस्त बिघडते: केंद्रकं मोठी आणि गडद होतात, आकार वेडेवाकडे होतात, जे विभाजन तळाशी व्हायचं ते वरच्या थरात दिसू लागतं. बिघाड खालच्या एक तृतीयांशात असेल तर ‘माइल्ड’, मधल्यापर्यंत गेला तर ‘मॉडरेट’, त्याच्याही वर चढला तर ‘सिव्हिअर’. काही ठिकाणी फक्त ‘लो ग्रेड’ आणि ‘हाय ग्रेड’ एवढंच लिहितात. माइल्ड असलेल्या बहुतेकांना पुढे कॅन्सर होत नाही. तंबाखू सुटली की काही चट्टे मागेही हटतात. पण सिव्हिअर असेल तर तो चट्टा पुरता निघालेला असायला हवा, तिथे ‘बघू पुढे’ चालत नाही. माइल्ड की मॉडरेट यावर दोन पॅथॉलॉजिस्टांत मतभेद होऊ शकतो, तो आमच्या कामाचा भागच आहे. म्हणून दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर संकोच नको. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून मिळतात, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

‘कार्सिनोमा इन सिटू’ दिसलं तर मामी कार्सिनोमा एवढंच वाचेल, म्हणून तिला हा भाग वाचून दाखवा. अस्तराच्या तळाशी एक अतिशय पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. तो शेताच्या बांधासारखा समजा. इन सिटू म्हणजे अस्तराची पूर्ण जाडी बिघडली आहे, पण बांध फुटलेला नाही. याला एवढं महत्त्व का, तर रक्ताच्या आणि लसिकेच्या वाहिन्या या पडद्याच्या खाली असतात. पेशी तिथवर पोचल्याच नसतील तर मानेतल्या गाठींत जायला त्यांना वाटच नाही. तोंडाच्या बाबतीत ‘सिव्हिअर डिस्प्लेजिया’ आणि ‘कार्सिनोमा इन सिटू’ हे जवळजवळ एकाच अर्थानं, कधी एकाच ओळीत लिहितात. उपाय म्हणजे पूर्ण काढणं आणि लक्ष ठेवणं. केमोथेरपी लागत नाही.

पडदा ओलांडला असेल तर ‘इन्व्हेजिव्ह’ किंवा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असं येईल. हा कॅन्सर, आणि हे तुमच्यापासून लपवून काही उपयोग नाही. तसं आलं तर शेजारी खोली मिलिमीटरमध्ये दिली असेल, कारण मानेकडे किती लक्ष द्यायचं हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. तुमचा चट्टा लहान होता, लवकर काढला. पण मी स्लाइड पाहिलेली नाही, त्यामुळे अंदाज बांधत नाही.

राहिलं ‘मार्जिन’. तुकडा काढताना डॉक्टरांनी एका टोकाला दोरा बांधला होता ना, तो दिशा कळावी म्हणून. लॅबमध्ये तुकड्याच्या कडांना शाई लावतात. ती मायक्रोस्कोपखालीही दिसते. बिघडलेल्या पेशी शाईपर्यंत पोचलेल्या नसतील तर मार्जिन ‘क्लिअर’ किंवा ‘फ्री’, शाईला टेकल्या असतील तर ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ किंवा ‘पॉझिटिव्ह’, आणि अंतर अगदी थोडं असेल तर ‘क्लोज’. यात लोक एक गोष्ट विसरतात: मार्जिनवर नेमकं काय आहे ते वाचायचं. ‘मार्जिनला माइल्ड डिस्प्लेजिया’ आणि ‘मार्जिनला कार्सिनोमा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बऱ्याचदा फक्त तपासण्या, दुसऱ्यात बहुतेक वेळा पुन्हा काढणं. शिवाय गालाचं अस्तर कापल्याबरोबर आक्रसतं, फॉर्मालिनमध्ये आणखी थोडं. त्यामुळे कागदावरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी असतं हे डॉक्टर धरूनच चालतात.

मार्जिन क्लिअर आलं तरी तपासणी सुटत नाही बरं का. तंबाखूचा रस एका जागी थांबत नाही, सगळ्या तोंडाला लागलेला आहे.

मामीच्या बहिणीनं सांगितलं म्हणे की चाकू लागला की कॅन्सर पसरतो. तोंडातल्या चट्ट्याची बायोप्सी केल्यानं कॅन्सर तयार होत नाही. बायोप्सी टाळल्यानं निदान लांबतं, एवढंच.

सोमवारी रिपोर्ट घेतलात की सगळ्या पानांचे फोटो पाठवा, शेवटी बारीक अक्षरात ‘कॉमेंट’ असते तिचाही. ‘कोरिलेट क्लिनिकली’ दिसलं तर त्यात काही गूढ नाही, तोंडात काय दिसतंय त्याच्याशी ताडून बघा असं आम्ही डॉक्टरांना सांगतो. बुधवारी जाताना चट्ट्याचे जुने फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि पुढची तपासणी किती महिन्यांनी हे विचारून लिहून घ्या. मी त्या वेळी फोनवर असेनच.

आणि तंबाखूची डबी मामीच्या ताब्यात दिलीत असं कळलं. बंडीच्या आतल्या खिशातली दुसरीही द्या.

तुमची,
चिमी