प्रयोगाचा अहवाल : पानात स्टार्च तयार होण्यासाठी प्रकाश लागतो का?

साहित्य : कुंडीतील जास्वंद, काळा कागद, क्लिपा, चंचुपात्र, रुंद परीक्षानळी, स्पिरिट, आयोडीनचे द्रावण, चिमटा, बशी.

कृती : जास्वंदीची कुंडी 48 तास अंधाऱ्या कपाटात ठेवण्यात आली, म्हणजे पानांत आधीपासून साठलेला स्टार्च वापरला गेला. त्यानंतर एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी क्लिपांनी घट्ट बसवण्यात आली. कुंडी 5 तास उन्हात ठेवली गेली. मग पान तोडून पट्टी काढण्यात आली व पान 2 मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवले गेले.

स्पिरिट लगेच पेट घेते. त्यामुळे ते थेट आचेवर तापवण्यात आले नाही. आधी बर्नर बंद करण्यात आला आणि मगच पान व स्पिरिट असलेली परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी केली गेली. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरून पान फिकट पडेपर्यंत थांबण्यात आले. पान कडक, ठिसूळ झाले होते. ते कोमट पाण्यात धुऊन मऊ करण्यात आले, बशीत पसरवले गेले व त्यावर आयोडीनचे थेंब टाकण्यात आले.

निरीक्षण : उघडा भाग निळा-काळा झालेला आढळला, म्हणजे आयोडीनमुळे तिथे स्टार्च असल्याचे दिसले. पट्टीखालचा भाग पिवळसर तपकिरीच राहिला. पट्टीच्या एका कडेला निळसर छटा दिसली. तिथे क्लिप सैल असल्याचे नोंदवण्यात आले.

निष्कर्ष : प्रकाश न मिळालेल्या भागात स्टार्च तयार झाला नाही, असे आढळून आले.