तुझ्या रात्रीच्या मेसेजला उत्तर

अरे रात्रीच वाचला तुझा मेसेज, पण तेव्हा लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं म्हणून ठेवून दिला. आत्ता ट्रेनमधे आहे, घाटकोपरला सीट मिळाली एकदाची, मस्जिद येईपर्यंत जमेल तेवढं लिहिते.

तू म्हणतोस मी बदलले, थंड झाले, फोनवर नुसतं हं हं करते. हं हं करते हे खरंय. पण त्याचं कारण तू चाकणला गेलास म्हणून माझं प्रेम आटलं वगैरे अजिबात नाहीये, प्लीज असलं काही डोक्यात घेऊ नकोस.

गणपतीत दादांकडे जेवायला बसलो होतो आठवतंय? मी तुला ऑफिसमधलं सांगितलेलं, माझ्या मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या आणि मी वॉशरूममधे जाऊन रडले ते. ते मी फक्त तुला सांगितलं होतं. माझ्या आईला पण नाही. आणि तू ते तिथे मॅडमचा आवाज काढून, अॅक्टिंग करून सांगितलंस, वहिनी हसल्या, दादा म्हणाले "अगं एवढ्याशा गोष्टीला रडतात का", आणि तू पण हसलास. मी मोदक वाढायला म्हणून उठले आणि आत ओट्यापाशी उभी राहिले बराच वेळ. घरी येताना रिक्षात तुला बोलले तर तू म्हणालास गंमत केली गं, सगळं काय सिरीयसली घेतेस.

त्यानंतर तुला काही सांगायला गेले की आधी मनात येतं, हे आता कोणाच्या ताटावर वाढलं जाणार. मग आपोआप "ठीक आहे, जेवलास का" एवढंच निघतं तोंडातून. मुद्दाम नाही करत रे. आणि बाकी दमणं वगैरे आहेच, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सकाळचा डबा, त्यांचे व्यायाम, मग ७:५८ पकडायची, पण ते कारण देऊन मोकळी होणार नाही मी, दमलेली तर लग्नाआधी पण असायचे आणि तेव्हा तासतासभर बडबडायचे तुझ्याशी.

तू लिहिलंस "आधीची तू परत ये". अशी ऑर्डर देऊन नाही होत ते. मला एवढंच हवंय की मी तुला सांगितलेलं तुझ्यापाशी राहावं, दादांना नाही, मित्रांना नाही, आईंना सुद्धा नाही. आणि "गंमत केली" हे म्हणू नकोस परत, तेव्हा गंमत वाटली असेल तुला, मला नव्हती वाटली, बस.

शनिवारी आलास की घरात नको बोलूया, आई ऐकतात आणि मग त्यांना टेन्शन येतं. संध्याकाळी फडके रोडला चक्कर मारू. तुला माझ्याबद्दल काही खुपत असेल तर ते पण सांग, ऐकेन मी, चिडले तरी ऐकेन. आज रात्री मात्र फोन नको करूस, आईंना फिजिओकडे न्यायचंय, यायला उशीर होईल.